सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी सहा वर्षं दुखतंय: एका केसची पूर्ण नोंद

मी स्त्रीरोगाच्या प्रॅक्टिसमध्ये लैंगिक तक्रारींचं काम करते. ही केस लिहिताना कोणाची ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण तक्रार, तपासणी आणि पुढे काय काय झालं ते तसंच ठेवलंय.

वय ३२, लग्नाला सहा वर्षं, मूल अजून नको हे दोघांनी मिळून ठरवलेलं. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच गोष्टी होत्या, संबंधाच्या वेळी दुखतं आणि इच्छा कमी. सोबत जाडजूड फाईल. दोन सोनोग्राफी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, शुगर, पॅप स्मिअर, सगळं नॉर्मल. मधे एकदा इन्फेक्शन असेल म्हणून गोळ्यांचा कोर्स दिलेला, त्याने काही फरक नाही. एका ठिकाणी सांगितलेलं की टेन्शन घेऊ नका, सवय झाली की दुखणार नाही. सहा वर्षांत सवय झाली नव्हती, उलट तिला रात्र जवळ आली की पोटात गोळा यायचा, मग ती मुद्दाम उशिरापर्यंत काम काढून बसायची.

पहिल्या भेटीत मी तपासणी केलीच नाही, फक्त विचारलं. दुखतं म्हणजे नक्की कुठे, तोंडाशीच की खोल आत? कधी, सुरुवातीला की नंतर? टॅम्पॉन किंवा कप वापरताना दुखतं का? स्वतः हात लावल्यावर दुखतं का? हे प्रश्न बारीक वाटतात पण अर्धं निदान इथेच होतं. तिचं उत्तर असं की आत जाताना जळजळतं आणि खूप आत गेल्यावर काहीतरी आपटल्यासारखं दुखतं, कप घालताना मात्र थोडं अवघड जातं पण दुखत नाही, आणि स्वतः हात लावायचा प्रश्नच नाही, कशाला लावायचा? मग मी विचारलं, संबंध सुरू झाल्यापासून आत प्रवेश होईपर्यंत साधारण किती वेळ जातो. ती म्हणाली, "दोन-तीन मिनिटं असतील. मीच म्हणते आटप लवकर." आणि तुम्हाला त्यात मजा येते का, कधी ऑर्गॅझम आलाय का? ती जरा थांबून म्हणाली, "आल्यासारखं दाखवते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मला वाटतं माझ्यात ते नाहीचे."

हे वाक्य मी खूप बायकांकडून ऐकते, शब्द थोडे इकडे तिकडे, आणि प्रत्येक वेळी तितकाच राग येतो.

मग तिला कोरा कागद आणि पेन दिलं आणि म्हटलं, तुम्हाला माहितीये तसं तुमचं शरीर काढा, कमरेखालचं. तिने सराईतपणे गर्भाशय काढलं, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला अंडाशय, खाली योनीमार्ग, सगळ्याला नावं दिली, एकदम पुस्तकातल्यासारखं. आता बाहेरून कसं दिसतं ते काढा म्हटलं तर पेन थांबलं. तिने एक उभी रेघ काढली. बास. लघवी कुठून होते विचारलं तर तिने तीच रेघ दाखवली, तिची समजूत होती की लघवी आणि पाळी एकाच जागेतून येते. ही बाई सायन्स शिकलेली, हुशार, ऑफिसात मोठी टीम सांभाळणारी. तिच्या अकलेचा यात काही संबंध नाही, तिला जे शिकवलं ते तिने शंभर टक्के लक्षात ठेवलेलं, फक्त शिकवलेल्या चित्रात बाहेरचा भाग नव्हताच.

तो का नसतो याचं कारण मला तरी अगदी सरळ दिसतं. शाळेत लैंगिक अवयव 'प्रजनन' या धड्यात येतात. मूल होण्यासाठी वीर्य बाहेर यावं लागतं, त्यामुळे पुरुषाचं लिंग ताठणं आणि वीर्यपतन दोन्ही आपोआप धड्यात येतात, म्हणजे पुरुषाचं सुख नाव न घेता का होईना शिकवलं जातं. बाईला ऑर्गॅझम आला काय, नाही आला काय, गर्भ राहू शकतो. म्हणून क्लिटोरिस, म्हणजे बाईच्या सुखाचा अवयव, त्या धड्याला लागतच नाही आणि मग चित्रातून गळते. त्यानंतरच्या वयात जे काही शिकवलं जातं ते गर्भ राहू नये आणि आजार लागू नये एवढ्यापुरतं. म्हणजे मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल दोनच गोष्टी कळतात, इथून मूल येतं आणि इथून धोका येतो.

डॉक्टरांच्या पुस्तकांचाही इतिहास काही फार वेगळा नाही. १५५९ मध्ये कोलंबो नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने क्लिटोरिस हे बाईच्या सुखाचं ठिकाण आहे असं लिहिलं, १८४४ मध्ये जर्मनीच्या कोबेल्टने आतल्या भागांसकट तिची बारीक चित्रं छापली, म्हणजे माहिती होती. मग १९०५ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडने मांडलं की वयात आलेल्या बाईचं सुख क्लिटोरिसकडून योनीकडे सरकायला हवं, आणि ज्यांचं सरकत नाही त्या बायका कच्च्या समजल्या जायला लागल्या. याला शरीरशास्त्राचा काही आधार नव्हता, पण पुढच्या कित्येक पिढ्यांनी आपल्यातच खोट आहे असं धरून चाललं. १९४० च्या दशकाच्या शेवटी तर शरीरशास्त्राच्या ग्रेज ॲनाटॉमीसारख्या नावाजलेल्या पुस्तकाच्या एका आवृत्तीत आकृतीवरचं क्लिटोरिसचं नावच काढून टाकलेलं. पूर्ण रचना नव्याने नीट मांडली ती ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल या युरॉलॉजिस्ट बाईने, १९९८ मध्ये शवविच्छेदन करून आणि २००५ मध्ये एमआरआयसकट. त्यामुळे आज सिनियर असलेल्या बऱ्याच डॉक्टरांचं शिक्षण त्याच्या आधी संपलेलं.

तर तिने जिथे रेघ काढली तिथे खरं काय असतं. बाहेरचे ओठ, त्यांच्या आत पातळ आतले ओठ, ते वर जिथे एकत्र येतात तिथे कातडीची एक टोपी आणि त्या टोपीखाली वाटाण्याएवढं किंवा त्याहून लहान टोक. त्याच्या खाली थोड्या अंतरावर लघवीची बारीक जागा आणि त्याखाली योनीचं तोंड. ते टोक म्हणजे क्लिटोरिसचा फक्त दिसणारा भाग. तिथून आत एक दांडा जातो, तो वळतो आणि त्याला दोन लांब पाय फुटतात, ते दोन्ही बाजूंनी हाडाला धरून मागे जातात, आणि लघवीची नळी आणि योनीच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना दोन फुगीर भाग बसलेले असतात. हे जवळजवळ सगळं स्पंजसारखं टिश्यू, रक्त भरलं की फुगणारं, म्हणजे पुरुषाच्या लिंगात असतं तसंच, कारण गर्भात सुरुवातीचे काही आठवडे दोघांचा तो भाग एकच असतो, नंतर वेगळा होतो. टोकाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमध्ये दहा हजारांहून जास्त तंतू असतात ही मोजणी माणसावर झाली थेट २०२२ मध्ये. त्याआधी आठ हजारांचा आकडा सगळीकडे फिरायचा, तो गाई-गुरांवरच्या अभ्यासातून उचललेला होता.

आता हे सगळं तिच्या दुखण्याशी कसं जोडलेलं आहे ते बघा, कारण पूर्ण केसची मेख इथेच आहे. बाई उत्तेजित होते तेव्हा या टिश्यूत रक्त भरतं, योनीच्या तोंडाजवळचे ते फुगीर भाग फुगून मऊ होतात, योनीच्या भिंतींभोवती रक्त वाढल्यामुळे आतून पाझर सुटतो आणि ओलावा येतो, योनीचा आतला भाग लांब आणि रुंद होतो आणि गर्भाशयाचं मुख वर उचललं जातं. याला वेळ लागतो, कोणाला पाच मिनिटं कोणाला पंचवीस, आणि त्यासाठी जिथे संवेदना आहे तिथे स्पर्श लागतो. तिच्या बाबतीत यातलं काहीच व्हायच्या आत प्रवेश होत होता, तोंडाशी ओलावा नाही म्हणून जळजळ, मार्ग अजून आखूड म्हणून आत आपटल्यासारखं. पुढच्या वेळी तेच दुखणार हे शरीराला माहीत, म्हणून पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळून घ्यायचे, त्याने अजून दुखायचं, मग इच्छा कुठून होणार? फाईलवर लिहिलेलं 'इच्छा कमी' हा आजार नव्हता, जे दुखतं ते नकोसं होणं इतकं साधं होतं. आणि ती 'आटप लवकर' म्हणायची त्याने ती दोन-तीन मिनिटं अजूनच कमी व्हायची. वर खोटं खोटं दाखवत असल्यामुळे नवऱ्याला वाटायचं सगळं बरोबर चाललंय, तो तेच परत करायचा.

दुसऱ्या भेटीत तपासणी केली, आणि तिच्या हातात आरसा दिला. आधी सांगून ठेवलं की थांबा म्हटलं की मी थांबणार. कापसाच्या बोळ्याने योनीच्या तोंडाभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखं एकेका जागी हलकेच दाबून बघितलं, कारण तिथे टोचल्यासारखी तीव्र वेदना झाली तर तो वेगळाच आजार असतो आणि त्याचे उपचार वेगळे. तिला तसं नव्हतं. कातडी पांढरी, पातळ, चिकटलेली नाही ना ते पाहिलं, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार तिला नाही. क्लिटोरिसवरची टोपी मागे सरकते का ते बघितलं, नीट सरकत होती. हे मुद्दाम लिहितेय कारण फार कमी ठिकाणी बघतात. २०१८ मध्ये लैंगिक आरोग्याच्या एका क्लिनिकच्या नोंदी तपासल्या तेव्हा तिथे आलेल्या जवळपास पाव बायकांमध्ये ती टोपी थोडीफार चिकटलेली निघाली, त्याखाली कधी कधी कडक कण साठतात आणि डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचत राहतं. हिच्या फाईलमध्ये गर्भाशयाची मापं दोनदा मिलिमीटरमध्ये होती आणि बाहेरच्या भागाबद्दल एक ओळ नव्हती. शेवटी एका बोटाने आतले स्नायू तपासले तर बोट टेकायच्या आधीच आवळले जात होते, पण दीर्घ श्वास सोडला की सैल पडत होते. हे चांगलं लक्षण.

आरशात ती बराच वेळ बघत राहिली. मी एकेक जागा दाखवत गेले, तिने स्वतःच्या बोटाने हात लावून बघितला. मग म्हणाली, "डॉक्टर, माझे आतले ओठ बाहेर आलेत, एक मोठा एक लहान आहे, हे ऑपरेशनने नीट करतात ना?" मी सांगितलं की नीट करण्यासारखं काही नाहीच, आतले ओठ बाहेर डोकावणं आणि दोन्ही सारखे नसणं अगदी कॉमन आहे. हे तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, तिने दुसरी बाई पाहिली होती ती फक्त पॉर्नमध्ये.

त्याच दिवशी तिने हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. विशीत असताना तिने एक-दोनदा स्वतःला हात लावला होता, बरं वाटायला लागलं होतं आणि मग अचानक लघवी होईल असं वाटलं, घाबरून सोडून दिलं, परत कधी नाही. आता वरची रचना आठवा. लघवीची नळी त्या फुगणाऱ्या टिश्यूच्या मधूनच जाते, ते फुगलं की नळीवर दाब येतो आणि लघवीला लागल्यासारखं वाटतं. म्हणजे ती ज्या जागेला घाबरून परत फिरली तिथून ऑर्गॅझम बहुतेक फार लांब नव्हता. एवढं एक वाक्य कोणीतरी सांगितलं असतं तर दहा वर्षं वाचली असती.

उपचार असे ठरले. पहिली अट, दुखणं जाईपर्यंत आत प्रवेश पूर्ण बंद. ही अट ऐकून तिच्या खांद्यांवरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं. घरी रोज काही मिनिटं श्वासाबरोबर पेल्विक फ्लोअर सैल सोडायचा सराव, आवळायचा नाही, कारण इंटरनेटवर सगळीकडे आवळायचे व्यायाम सांगतात आणि आधीच आवळलेल्या बाईला ते उलटे पडतात. त्याच्यासाठी या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आणि एकटीने, दार लावून, घाई न करता स्वतःचं शरीर ओळखायचं, आधी नुसतं बघणं, मग स्पर्श, मग कुठल्या जागी कसा स्पर्श आवडतो ते. टोकावर थेट स्पर्श खूप बायकांना झोंबतो, टोपीवरून किंवा बाजूने बरा वाटतो, वंगण लावून अजून बरा. आधी लघवी करून यायची, म्हणजे ती जाणीव आली की घाबरायचं कारण नाही, तशीच पुढे जायची. हस्तमैथुन पायरीपायरीने शिकवायची ही पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि ज्यांना कधीच ऑर्गॅझम आलेला नाही अशा बायकांसाठी तिचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. त्याला तोच कागद दाखवला, त्यालाही बाहेरचं काही सांगता आलं नाही. त्याला वाटायचं की आत गेल्यावर जितका जास्त वेळ टिकेन तितकं तिला छान वाटेल, म्हणून तो बिचारा वेळ वाढवायची गोळी घ्यायचा विचार करत होता, म्हणजे दुखायचा वेळ अजून वाढला असता. मी सांगितलं, अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेत, २०१८ चा, नुसत्या आत प्रवेशाने ऑर्गॅझम येणं पुरेसं आहे असं म्हणणाऱ्या बायका पाचात एकपेक्षाही कमी निघाल्या. योनीच्या आतल्या भागात स्पर्शाची संवेदना मुळात कमी असते, त्यामुळे यात बाईत काही कमी नाही आणि पुरुषातही नाही. तो बराच वेळ गप्प होता, मग तिच्याकडे बघून म्हणाला, "मग तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं काय बोलायचं?" मला यावर काही जोडावंसं वाटलं नाही.

दोघांना जो होमवर्क दिला त्याला सेन्सेट फोकस म्हणतात, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेला. आधी फक्त अंगाला स्पर्श, छाती आणि खालचा भाग सोडून, एकाने करायचं दुसऱ्याने सांगायचं. काही दिवसांनी ते भागही धरायचे, पण प्रवेश नाही आणि ऑर्गॅझमचं टार्गेटही नाही. तिने त्याचा हात धरून दाखवायचं, आणि खोटं दाखवणं त्या दिवसापासून बंद. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. मधे एकदा सगळं घसरलं, लग्नसमारंभाला जाऊन आल्यावर दोघांनी ठरलेली अट मोडली, परत दुखलं, तिने दोन आठवडे सराव सोडला. असं होतंच, आम्ही एक पायरी मागे जाऊन परत सुरू केलं.

साधारण अडीच-तीन महिन्यांनी तिला एकटीने असताना पहिला ऑर्गॅझम आला. आला हे कसं कळलं असं मी विचारलं तर म्हणाली, खाली आपोआप ठोके पडल्यासारखं झालं आणि मग एकदम सगळं सैल. ते ठोके म्हणजे पेल्विक फ्लोअरचे स्नायू लयीत आकुंचन पावतात ते, सुरुवातीला सेकंदाहून थोड्या कमी अंतराने. नवऱ्याबरोबर यायला अजून काही आठवडे लागले, तेही हाताने. प्रवेश परत सुरू केला तेव्हा वेग आणि खोली तिच्या ताब्यात राहील अशा पोझिशनमध्ये, पाण्याचं वंगण लावून (कंडोम वापरत असाल तर तेल नाही, लेटेक्स फाटतं). जळजळ गेली. खूप खोल गेल्यावर कधी कधी अजून दुखतं, तेव्हा ती सांगते आणि तो थांबतो. नुसत्या प्रवेशाने तिला ऑर्गॅझम येत नाही, सोबत हात लागतो, आणि दोघांनी ते तसंच धरून चाललंय.

यात राहिलेलं एक म्हणजे तिचा राग. बरं वाटायला लागल्यावर तो वर आला, आधी आईवर, मग शाळेवर, मग त्या 'सवय होईल'वाल्या सल्ल्यावर. एका भेटीत ती फक्त त्याबद्दलच बोलली आणि मी ऐकलं, त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

आता कोणी हे वाचून सगळ्या दुखण्यावर वेळ द्या आणि वंगण लावा असा अर्थ काढू नये, म्हणून सांगते. हिच्यात बाकी सगळं तपासून बाजूला काढल्यावर हे निदान झालं. बोळ्याने हलकं दाबल्यावरही टोचून दुखत असेल, कातडी पांढरी पडून खाजत असेल, पाळीत आणि शौचाला पण खोल दुखत असेल (एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं टिश्यू गर्भाशयाबाहेर वाढणं, असू शकतो), किंवा कप, बोट, काहीच आत जात नसेल तर तो वेगळा रस्ता आहे. आधी ऑर्गॅझम यायचा आणि आता बंद झाला असेल तर औषधं बघा, डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्यांनी हे खूपदा होतं, डॉक्टरांना न विचारता बंद मात्र करू नका. पाळी गेल्यानंतर किंवा अंगावर पाजताना कोरडेपणा हार्मोनमुळे येतो, त्याला लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, ते आपल्याला चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरात जबरदस्ती होत असेल तर यातलं काहीही देण्याआधी तिची सुरक्षितता, म्हणून पहिली भेट मी नेहमी बाईशी एकटीशीच घेते.

डॉक्टरकडे जाताना तिच्यासारखं 'दुखतं' आणि 'इच्छा होत नाही' एवढंच सांगितलं तर बऱ्याचदा रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी लिहून मिळते आणि दोन्हीत बाहेरचा भाग दिसत नाही. कुठे, कधी, कशाने दुखतं ते सांगा, आणि स्पष्ट म्हणा की बाहेरचा भाग, क्लिटोरिससकट, बघा आणि मला आरशात दाखवा.